सकाळी भरणारी बस संध्याकाळी रिकामी का जाते : एका कार्यालयाच्या ने-आणीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका पसरलेल्या शहराच्या कडेला असलेल्या कार्यालयाचे आहे. तेथे ६२० कर्मचारी काम करीत होते आणि त्यांची घरे सरासरी २४ किलोमीटर अंतरावर, एकमेकांपासून दूर अशा वसाहतींमध्ये विखुरलेली होती. सार्वजनिक बसने यायचे तर बहुतेकांना दोनदा गाडी बदलावी लागे आणि दुसरी गाडी केव्हा मिळेल याचा भरवसा नसे. त्यामुळे ज्यांना शक्य होते ते आपल्या वाहनाने एकटेच येत आणि ३०० गाड्यांचा वाहनतळ सकाळी साडेआठलाच भरून जाई. कर्मचाऱ्यांच्या ने-आणीचा समन्वयक म्हणून दीड वर्ष मी हे काम पाहिले. कार्यालयाचे आणि शहराचे नाव मी येथे देत नाही, कारण या प्रकरणातला पेच कोणत्याही विस्तारलेल्या शहरात असाच उभा राहतो.

मी काम हाती घेतले तेव्हा कार्यालयाच्या तीन बस धावत होत्या. त्या ठेकेदाराच्या होत्या आणि प्रत्येकीत ३६ आसने होती. ठेकेदाराला पैसे फेरीमागे मिळत असल्याने बसमध्ये किती जण बसले याची नोंद कोणी नियमित ठेवत नव्हते. पहिले दोन आठवडे मी प्रत्येक बसच्या चालकाकडे एक साधा तक्ता दिला आणि थांब्यागणिक चढणारे व उतरणारे मोजून घेतले. सकाळी तिन्ही बस मिळून सरासरी ७१ जण येत होते आणि संध्याकाळी त्याच बसने ४४ जण परत जात होते.

व्यवस्थापनाचे लक्ष पहिल्या आकड्यावर होते. १०८ आसनांत ७१ माणसे म्हणजे एक तृतीयांश जागा रिकामी, तेव्हा एक बस कमी करावी, असा प्रस्ताव आधीच तयार होता. मला मात्र दोन आकड्यांमधला फरक महत्त्वाचा वाटला. सकाळी आलेली २७ माणसे संध्याकाळी बसमध्ये नव्हती. ती घरी तर गेलीच होती, मग कशाने गेली? विचारपूस केल्यावर कळले की बस ६.१० ला सुटते, त्या वेळी यांतले बहुतेक जण कामात अडकलेले असतात. मग कोणी सहकाऱ्याच्या गाडीत जागा मागतो, कोणी तिघे-चौघे मिळून भाड्याची गाडी करतात, तर कोणी मुख्य रस्त्यापर्यंत चालत जाऊन मिळेल ते वाहन पकडतात. आठवड्यातून दोनदा असा खोळंबा झाला की माणूस सकाळीही आपली गाडी काढतो. जुन्या हजेरीपत्रकांचे काही तुकडे हाती लागले, त्यांतही हेच दिसत होते. आधी संध्याकाळची संख्या घसरली आणि सुमारे सहा आठवड्यांनी सकाळचीही घसरू लागली. म्हणून सकाळची बस भरलेली दिसली तरी तेवढ्यावर समाधान मानू नये. दोन्ही वेळच्या संख्येतली तफावत वाढू लागली की सकाळचे प्रवासी सुटायला फार वेळ लागत नाही.

संध्याकाळचा प्रश्न सोडवण्याआधी बसचा मार्ग नीट करावा लागला, कारण मार्ग इतका लांबलेला होता की ज्यांना वेळ जुळत होती तेही कंटाळत होते. दुसऱ्या क्रमांकाच्या बसचे १३ थांबे होते. पहिल्या थांब्यावरचा माणूस सकाळी ७.२० ला चढे आणि ८.५५ ला कार्यालयात पोहोचे, म्हणजे ९५ मिनिटे. हेच अंतर आपल्या गाडीने ५० मिनिटांत होई. हे थांबे कोणी एकदम ठरवलेले नव्हते. दरवर्षी कोणी तरी विनंती करी, ती माणुसकीने मान्य होई, आणि मार्गाला आणखी एक वळसा पडे. प्रत्येक विनंती एकेकटी पाहिली तर रास्त होती, पण त्यांची बेरीज आधीपासून बसमध्ये बसलेल्यांच्या वाट्याला येत होती.

या मार्गावरचा आठवा थांबा उदाहरण म्हणून पाहता येईल. तो मुख्य रस्त्यापासून ९०० मीटर आत होता. बस आत जाई, वळे, परत येई, आणि यात ६ मिनिटे जात. तेथे सरासरी २ माणसे चढत आणि त्या वेळी बसमध्ये आधीच १७ माणसे बसलेली असत. १७ माणसांची प्रत्येकी ६ मिनिटे म्हणजे १०२ मिनिटे रोज सकाळी खर्च होत होती. त्या दोघांनी मुख्य रस्त्यापर्यंत चालत यायचे तर प्रत्येकी सुमारे ११ मिनिटे, म्हणजे दोघांची मिळून २२ मिनिटे लागली असती. प्रत्येक थांब्यासाठी असे दोन आकडे समोरासमोर मांडले की कोणता वळसा ठेवायचा आणि कोणता काढायचा हे बरेचसे स्पष्ट होते. शेवटच्या थांब्यांना हा हिशेब सर्वांत कठोरपणे लागू पडतो, कारण तोपर्यंत बस भरलेली असते आणि तेथील एकेक मिनिट सर्वाधिक माणसांचे असते. मार्गाच्या सुरुवातीला, बस रिकामी असताना, आतपर्यंत जाणे तितके महाग पडत नाही.

हा हिशेब आंधळेपणाने लावू नये, हेही लगेच लक्षात आले. एका थांब्यापासून मुख्य रस्त्यापर्यंत पदपथ नव्हता आणि संध्याकाळी दिवेही नव्हते. तेथून येणाऱ्या तिघींपैकी एकीने मला सांगितले, ‘‘सकाळी मी आनंदाने चालत येईन, पण रात्री साडेसातला त्या रस्त्याने मी एकटी जाणार नाही, आणि संध्याकाळची सोय नसेल तर सकाळी बसने येऊन मी काय करू?’’ तिचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते. तो थांबा आम्ही ठेवला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर कामावर परतलेल्या एका सहकाऱ्यासाठी आणखी एक वळसा चार महिन्यांपुरता ठेवला आणि त्याची मुदत आधीच लिहून ठेवली, म्हणजे गरज संपल्यावर तो मार्गात कायमचा राहणार नाही. बाकीचे थांबे एकत्र करून १३ वरून ६ वर आणले आणि पहिल्या थांब्यावरून लागणारा वेळ ९५ मिनिटांवरून ६२ मिनिटांवर आला. पहिल्या मार्गावरही असेच केले.

तिसऱ्या मार्गाचा प्रश्न वेगळा होता. त्यावर सकाळी १४ आणि संध्याकाळी ८ माणसे असत आणि त्यांची घरे इतकी पांगलेली होती की कोणताही थांबा तिघांहून अधिक जणांना सोयीचा पडत नव्हता. मोठ्या बसला एका ठिकाणी माणसांचा घोळका लागतो. तो नसेल तर बस गल्लोगल्ली फिरत राहते आणि तिचा वेग सायकलच्या वेगाच्या जवळ येतो. हा मार्ग आम्ही बंद केला. तेथील माणसांसाठी काय केले ते पुढे येईलच. वाचलेल्या ठेक्यातून एक १७ आसनी लहान गाडी घेतली आणि ती पहिल्या व दुसऱ्या मार्गांसाठी संध्याकाळी ७.२० ला सोडायची ठरवली. या दोन्ही मार्गांचे कार्यालयाजवळचे १४ किलोमीटर एकच असल्याने एका गाडीने दोन्हीकडचे मुख्य थांबे घेता येत होते.

या लहान गाडीवरून जो वाद झाला तो या प्रकरणातला सर्वांत बोधक भाग आहे. तीन महिन्यांनंतर तिच्यात सरासरी फक्त ७ माणसे बसत होती. वित्त विभागाने साहजिकच विचारले की ७ माणसांसाठी १७ आसनांची गाडी कशासाठी. पण याच तीन महिन्यांत ६.१० च्या दोन मोठ्या बसमधली संख्या ३६ वरून ५५ वर गेली होती आणि सकाळची संख्या ५७ वरून ६६ वर. मार्ग छोटा झाल्याचा त्यात वाटा होताच, तेव्हा श्रेय नेमके कशाला द्यायचे हे ठामपणे सांगता येत नव्हते. खर्चाच्या मंजुरीत खंड पडल्याने लहान गाडी तीन आठवडे बंद राहिली, तेव्हा त्याचे उत्तर आपोआप मिळाले. मार्ग तेच होते, थांबे तेच होते, ६.१० च्या बसही त्याच होत्या. तरीही त्या बसमधली संध्याकाळची संख्या ५५ वरून ४७ वर आली. उशिराच्या गाडीत कधीच न बसणारी ८ माणसे ती गाडी नाही म्हणून वेळेवरच्या बसमधूनही गेली. आज वेळेवर निघता येईल की नाही हे सकाळी घरातून निघताना कोणालाच ठाऊक नसते. म्हणून माणूस सकाळी निर्णय घेताना ६.१० ची बस चुकली तर पुढे काय, हे पाहतो. उशिराच्या गाडीचे मोल तिच्यात बसणाऱ्यांवरून मोजले तर ते कधीच कळत नाही. गाडी पुन्हा सुरू झाली आणि त्यानंतर ती बंद करण्याचा प्रस्ताव आला नाही.

आता कारपूलकडे, म्हणजे काही जणांनी मिळून एकाच्या गाडीतून येण्या-जाण्याकडे, वळतो. माझ्या आधी कार्यालयाने कारपूलचा एक प्रयत्न केला होता. ९६ जणांनी नोंदणी केली होती, घराच्या पत्त्यावरून चौघाचौघांचे २४ गट पाडले गेले होते, आणि तीन महिन्यांनी त्यांतले ७ गट उरले होते. लोकांना आपली गाडी सोडवत नाही, असा निष्कर्ष त्या वेळी काढला गेला. मी मोडलेल्या १७ गटांतल्या माणसांशी बोललो. त्यांतले ११ गट संध्याकाळच्या वेळेमुळे मोडले होते, ३ गटांत कोणी घर किंवा नोकरी बदलली होती, २ ठिकाणी स्वभाव जुळले नव्हते आणि एका ठिकाणी गाडीच विकली गेली होती. माणसे अनिच्छुक नव्हती. गटाची रचनाच टिकण्यासारखी नव्हती, आणि ते साध्या गणिताने दाखवता येते.

समजा, प्रत्येक माणसाला दहा दिवसांतून एकदा अनपेक्षितपणे थांबावे लागते. हे प्रमाण फार नाही. चौघांच्या गटात त्या संध्याकाळी चौघेही वेळेवर मोकळे असण्याची शक्यता ०.९ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ०.६६ इतकी येते. तीन संध्याकाळींपैकी एका संध्याकाळी कोणी तरी अडकलेला असतोच. पाचही दिवस सुरळीत जातील असा आठवडा आठांतून एखादाच मिळतो. गाडी चालवणारा अडकला तर बाकीचे तिघे खोळंबतात, आणि दुसरा कोणी अडकला तर त्याला मागे सोडून जाण्याचा संकोच सगळ्यांना होतो. दोन-तीन आठवडे माणसे समजुतीने घेतात आणि मग एकेक जण गप्पपणे बाहेर पडतो. गटात माणसे जितकी अधिक तितकी इंधनाची बचत मोठी, पण ठरलेल्या एकाच गाडीवर ती सगळी अवलंबून असतील तर गट तितकाच नाजूक होतो.

यावर उपाय वॉशिंग्टनच्या परिसरात १९७० च्या दशकापासून चालत आलेल्या एका प्रथेत दिसतो. तेथील काही महामार्गांवर एक मार्गिका सुरुवातीला चार आणि पुढे तीन किंवा अधिक माणसे असलेल्या गाड्यांसाठी राखीव होती. ती वापरता यावी म्हणून गाडीवाले ठरलेल्या जागी रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसांना विनामोबदला बरोबर घेऊ लागले. तेथे सकाळची जोडी आणि संध्याकाळची जोडी यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. सकाळी ज्याच्या गाडीतून आलात त्याच्याबरोबरच परतावे लागत नाही, त्यामुळे कोणाच्याही उशिराने दुसऱ्याचे अडत नाही. आमच्याकडे अशी राखीव मार्गिका नव्हती आणि अनोळखी माणसाच्या गाडीत बसायला आमचे सहकारी, विशेषतः महिला, तयार होणे शक्य नव्हते. पण त्यातले सूत्र उचलता येण्याजोगे होते. चौघांचा बंद गट करण्याऐवजी एकाच दिशेला राहणाऱ्या आणि एकमेकांना ओळखणाऱ्या सहकाऱ्यांचे मोठे वर्तुळ करायचे आणि त्यात निघण्याच्या अनेक वेळा ठेवायच्या, असे आम्ही ठरवले.

बंद केलेल्या तिसऱ्या मार्गावर असे पहिले वर्तुळ उभे केले. त्यात १९ जण होते आणि ८ जणांकडे मोटारी होत्या. घरोघरी जाऊन माणसे घ्यायची नाहीत, तर मुख्य रस्त्यावरच्या तीन ठरलेल्या जागी सगळ्यांनी यायचे, असे ठरले. यामुळे गाडीवाल्याचा वळसा १० मिनिटांच्या आत राहिला, आणि कोणाच्या घराचा पत्ता कोणाला देण्याची गरजही राहिली नाही. सकाळी ८.०० आणि ८.३० या दोन वेळा, तर संध्याकाळी ६.१०, ६.४५ आणि ७.३० या तीन वेळा होत्या. आदल्या रात्री ९ पर्यंत प्रत्येकाने आपली सकाळची वेळ नोंदवायची आणि संध्याकाळची वेळ दुपारी ४ ला, म्हणजे दिवसाचा अंदाज आल्यावर. रोज साधारण १३ ते १५ माणसे ४ किंवा ५ गाड्यांतून येत. ज्याची ६.१० ची गाडी चुके तो ६.४५ ला जाई. ७.३० ची शेवटची गाडी कोणाची, हे आठवड्याच्या सुरुवातीलाच ठरलेले असे, आणि ती पाळी फिरती होती.

शेवटची गाडीही रद्द झाली किंवा कोणाला दुपारीच घरी धाव घ्यावी लागली तर कार्यालय आपल्या खर्चाने भाड्याची गाडी देईल, अशी हमी दिली. वर्षातून प्रत्येकाला चार वेळा, अशी मर्यादा होती. खर्च आवाक्याबाहेर जाईल अशी भीती वित्त विभागाला होती. पहिल्या नऊ महिन्यांत सगळ्या कार्यालयातून ही सोय ११ वेळा वापरली गेली. त्यांतल्या चार वेळा कारण मुलाच्या शाळेतून आलेला फोन हे होते. यावरून मला कळले की पूर्वी काही आई-वडील वर्षभर रोज एकट्याने गाडी काढत होते ती अशा एखाद-दुसऱ्या दुपारसाठी.

पाळी कोणाची, हा प्रश्न वर्तुळात लवकरच आला. रोज वेगवेगळी माणसे येत असल्याने ‘आज मी, उद्या तू’ हा साधा क्रम चालत नव्हता. अशाच प्रश्नावर रोनाल्ड फॅगिन आणि जॉन विल्यम्स या आयबीएममधील संशोधकांनी १९८३ मध्ये एक न्याय्य पद्धत मांडली होती. तिचा गाभा असा की प्रत्येक फेरीचे ओझे त्या दिवशी बसलेल्यांत सारखे वाटायचे आणि ते सगळे चालवणाऱ्याच्या खात्यावर जमा करायचे. आम्ही एका फेरीचे १२ गुण धरले. पहिल्या दिवशी चौघे बसले तर प्रत्येकाच्या नावे ३ गुण वजा होतात आणि चालवणाऱ्याला १२ मिळतात, म्हणजे तो अधिक ९ वर आणि बाकीचे तिघे वजा ३ वर. दुसऱ्या दिवशी पहिला आला नाही, उरलेल्या तिघांतल्या एकाने गाडी आणली, तर प्रत्येकाचे ४ गुण वजा होऊन चालवणारा अधिक ५ वर येतो आणि दुसरे दोघे वजा ७ वर जातात. ज्याचे गुण सर्वांत कमी त्याने पुढची गाडी आणायची. सगळ्यांच्या गुणांची बेरीज नेहमी शून्य येते, आणि आली नाही तर नोंद चुकली आहे हे लगेच कळते.

ज्यांच्याकडे गाडीच नव्हती त्यांनी इंधनाचा वाटा द्यायचा होता. येण्या-जाण्याचे ४८ किलोमीटर आणि एका लिटरला १६ किलोमीटर धरले तर दिवसाला ३ लिटर इंधन लागते आणि चौघांत प्रत्येकी पाऊण लिटर येते. याहून अधिक काहीही घ्यायचे नाही, हा नियम आम्ही कडक ठेवला. गाडीवाल्याची झीज, देखभाल हे खर्च खरे आहेत आणि ते मागणे अन्याय्य नाही. पण अनेक देशांत खर्चवाटणीच्या पुढे जाऊन पैसे घेतले की खासगी गाडी भाडोत्री ठरू शकते आणि अपघात झाल्यास विमा नाकारला जाण्याचा धोका असतो. वर्तुळ सुरू करण्याआधी प्रत्येक गाडीच्या विम्याबाबत लेखी विचारणा करून घेतली, आणि एका गाडीचे उत्तर समाधानकारक न आल्याने ती वगळावी लागली.

पहिल्या वर्तुळाला एक वर्ष झाले तेव्हा अशी आणखी दोन वर्तुळे उभी राहिली होती आणि तीन मिळून रोज ४० च्या आसपास माणसे त्यांतून येत होती. चौथे वर्तुळ मात्र जमले नाही. त्या दिशेला ९ जणच होते आणि मोटारी तीनच, त्यामुळे एक गाडी दुरुस्तीला गेली की शेवटची वेळ रिकामी राही. माझ्या अनुभवात बारा-चौदा माणसे आणि पाच मोटारी यांखाली वर्तुळ तग धरत नाही. अशा ठिकाणी कार्यालयाने घेतलेली आणि कर्मचाऱ्यानेच चालवलेली दहा-बारा आसनांची गाडी हा पर्याय राहतो. अमेरिकेत मिनेसोटातील ३एम कंपनीने १९७३ मध्ये सहा गाड्यांनिशी हा प्रयोग सुरू केला होता आणि त्यात चालवणाऱ्या कर्मचाऱ्याचा प्रवास विनामूल्य होता. आमच्याकडे त्यासाठी कोणी चालवायला पुढे आले नाही.

वर्षअखेरीस बस आणि वर्तुळे मिळून १०५ ते ११० माणसे येत होती, म्हणजे कार्यालयातल्या दर सहा जणांत एक. वाहनतळ अजूनही भरतो, फक्त पावणेनऊनंतर. ज्यांना सकाळी मुलांना शाळेत आणि संध्याकाळी वृद्ध आई-वडिलांकडे जायचे असते त्यांच्यासाठी यातले काहीही उपयोगी पडत नाही, आणि त्यांना आग्रह करणेही योग्य नाही.

एक उणीव मात्र माझ्या स्वतःच्या कामातली आहे. सुरुवातीचे सर्वेक्षण मी कार्यालयाच्या पगारपत्रकावरून केले. सफाई आणि सुरक्षेचे काम करणारे ५५ जण ठेकेदाराच्या पटावर असल्याने त्या ६२० मध्ये नव्हतेच. त्यांच्यापैकी बहुतेकांना दोन बस बदलून यावे लागते आणि त्यांचे काम सकाळी ७ ला सुरू होते, म्हणजे आमची पहिली बस पहिल्या थांब्यावर पोहोचण्याच्याही आधी. हे मला आठव्या महिन्यात कळले, जेव्हा त्यांच्यातील एका बाईंनी उशिराच्या गाडीत बसता येईल का असे विचारले. दुपारच्या पाळीवरून ७ नंतर सुटणाऱ्या अकरा जणांना त्या गाडीतल्या रिकाम्या १० आसनांवर आळीपाळीने बसता येऊ लागले आहे. पहाटे येणाऱ्यांच्या घरांचा नकाशा आता तयार झाला असून त्यांतल्या १९ जणांची वस्ती एकाच रस्त्याला लागून आहे. त्यांच्यासाठी सकाळी ६.१० ला निघणाऱ्या गाडीचा प्रस्ताव मी व्यवस्थापनाकडे दिला आहे. त्यात सकाळच्या फेरीबरोबर परतीच्या दोन वेळाही पहिल्यापासूनच मांडल्या आहेत.